कृपा कसली, काकू?

मुक्ताने कागद माझ्यापुढे ठेवला तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. जिन्यात ओल्या छत्र्यांचा वास भरून राहिला होता. मुक्ता आमच्या खालच्या मजल्यावरची. यंदा बारावी झाली, पाचवीपासून एकाच शाळेत आणि तिच्या कनिष्ठ महाविद्यालयात. पुढच्या प्रवेशाची कागदपत्रं लावताना तिच्या लक्षात आलं की शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईचं नाव ‘सुमन’ऐवजी ‘सुनंदा’ पडलंय. दुरुस्तीसाठी प्राचार्यांना अर्ज करायचा होता. मी एकतीस वर्षं शाळेच्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली, त्यामुळे इमारतीतला कुठलाही अर्ज आधी माझ्याकडे येतो आणि मग जिथे जायचा तिथे जातो. अर्ज नीटनेटका होता. दिनांक, प्रति, विषय, मजकूर, सगळं आताच्या पाठ्यपुस्तकांत शिकवतात तसं डावीकडे. शेवटी ‘धन्यवाद’ आणि खाली नाव. नावाच्या वर मला जागा मोकळी दिसली. मी पेन घेतलं आणि काही विचार न करता तिथे लिहिलं, ‘आपली कृपाभिलाषी’. मुक्ताने ते वाचलं. तिचा आवाज चढला नाही की कपाळाला आठी पडली नाही. नुसतं विचारलं, “कृपा कसली, काकू? चूक तर त्यांची आहे ना?”

मला उत्तर देता आलं नाही.

“राहू दे, उद्या नेते,” म्हणून ती कागद माझ्याकडेच ठेवून खाली गेली. कुकर लावताना, दूध तापवताना तो शब्द माझ्यासमोरून हलेना. एकतीस वर्षांत असे किती अर्ज माझ्या हाताखालून गेले असतील! उघडलेल्या पाकिटातून कागद काढायचा, आवक क्रमांक घालायचा, शिक्का मारायचा, दिनांक लिहायचा आणि मॅडमच्या टेबलावरच्या फायलीत ठेवायचा. वाचायला वेळ नसायचा. पण हळूहळू एक सवय लागली होती. विषयाच्या ओळीआधी माझी नजर कागदाच्या तळाशी जायची. सहीच्या वरचे दोन शब्द पाहिले की आलेला माणूस कुठे उभा राहून बोलतोय ते कळायचं. ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ असलं की रजा किंवा ओळखपत्र हरवलेलं. ‘आपला कृपाभिलाषी’ असलं की फी, प्रवेश किंवा मुदत. ‘आपला विश्वासू’ असलं की बहुधा नोकरदार पालक, मुद्देसूद मजकूर, सोबत झेरॉक्स. आणि जिथे सहीच्या वर काहीच नसायचं, नुसतं नाव आणि खाली दोन रेघा, तो कागद तक्रारीचा. तो मी वेगळा काढून आधी आत न्यायचे.

घोटाळेही ठरलेले असत. वर ‘मा. प्राचार्या’ लिहायचं आणि लगेच खाली ‘महोदय’. कुणाचा तरी जुना अर्ज समोर ठेवून उतरवला की असं होतं. बाईंनी सही केलेल्या अर्जावर ‘आपला विश्वासू’ तर रोजचंच. यातली मेख अशी, की मायन्यातला शब्द वाचणाऱ्याप्रमाणे बदलतो आणि शेवटचा लिहिणाऱ्याप्रमाणे. महोदय की महोदया हे खुर्चीत कोण बसलंय त्यावर ठरतं. आपला, आपली की आपले हे सही कोण करतंय त्यावर. सोसायटीतल्या दहा जणांनी मिळून सही केली तर ‘आपले विश्वासू’. ‘कृपाभिलाषी’, ‘विश्वासू’, ‘नम्र’ हे शब्द मात्र सगळ्यांना तसेच लागतात, म्हणून त्यांच्या आधीच्या शब्दाकडे कुणाचं लक्ष जात नाही. दुसरी गोष्ट ‘मा.’ची. तो ‘माननीय’ आहे, म्हणजे आधीच मान दिलेला. तरी ‘मा. आयुक्त साहेब यांचे सेवेशी’ असं तिहेरी वाकून लिहिणारे असतातच. आणि स्वतःच्या सहीखाली कंसात ‘श्री.’ किंवा ‘सौ.’ लिहिणारेही. तो मान दुसऱ्याने द्यायचा असतो. आपल्या नावाआधी आपणच लावला की मला अजूनही खटकतं.

पण मुक्ताने विचारलं ते यातलं काहीच नव्हतं. तिने शब्दाचा अर्थ विचारला होता. मी तो शब्द हजारो वेळा पाहिला होता आणि अर्थाकडे पाहणं कधीच सोडून दिलं होतं.

कृपाभिलाषी म्हणजे कृपेची अभिलाषा धरणारा. जे मला मिळायलाच हवं असं नाही, जे देणं न देणं समोरच्याच्या हातात आहे, ते मागताना हा शब्द अगदी प्रामाणिक आहे. मुदत संपल्यावर अर्ज घ्यावा, शाळेचं मैदान एका दिवसासाठी मिळावं, आजारी मुलाला तळमजल्यावर बसू द्यावं. इथे नियम आपल्या बाजूने नसतो, समोरच्याचं मन वळावं लागतं. आज्ञाधारक हा शब्द जो खरंच कुणाच्या आज्ञेत आहे त्याने वापरायचा: शाळेत शिकणारा मुलगा, हाताखालचा कर्मचारी. शाळा सोडल्याचा दाखला हातात घेतलेली मुक्ता आता कुणाची आज्ञाधारक? राहिला विश्वासू. हा इंग्रजी पत्रांच्या वळणावरून आपल्याकडे आला असावा असं मला नेहमी वाटतं, कारण मराठीत विश्वासू म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकावा असा. तो कुणाला वर नेत नाही की स्वतःला खाली आणत नाही. मी लिहिलंय ते खरं आहे, त्यावर विसंबून राहा, एवढंच तो सांगतो. दाखल्यातली चूक दाखवणाऱ्या अर्जाला याहून योग्य शब्द कुठला असणार? मग माझ्या हातून दुसरा का उतरला?

उत्तर मला माहीत होतं. तो हात माझा नव्हता, अण्णांचा होता.

अण्णा, माझे वडील, शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते. दिवसभर शिशाचे खिळे उचलून ओळी बांधायच्या. संध्याकाळी घरी आले की बोटांना शाईचा आणि रॉकेलचा वास. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे वाड्यातल्या सगळ्यांचे अर्ज तेच लिहायचे. ओटीवर पाट उपडा घालून त्यावर कागद ठेवायचे आणि समोरच्याला आधी दोनच प्रश्न विचारायचे: “कुणाला द्यायचाय? आणि काय मागायचंय?” मामलेदार कचेरीत द्यायचा असला की वर यायचं ‘मे. मामलेदारसाहेब, पुणे शहर, यांचे सेवेशी’. ते ‘मे.’ म्हणजे मेहेरबान. लहानपणी मला वाटायचं, मे महिन्यात लिहिलेला अर्ज असेल. पुढे व्यापारी पत्रांत ‘मे. अमुक आणि कंपनी’ पाहिलं, ते ‘मे.’ मेसर्सचं, त्याचा याच्याशी संबंध नाही. मेहेरबानवालं ‘मे.’ आता कचेऱ्यांतून जवळपास गेलं, पण शिवाजीनगरच्या न्यायालयात दाव्याच्या पहिल्या ओळीत ‘मे. दिवाणी न्यायाधीश यांचे कोर्टात’ असं आजही दिसतं. वर मेहेरबान आणि खाली कृपाभिलाषी. एक शब्द फारसी, एक संस्कृत, आणि दोघांच्या मधे अर्ज करणारा माणूस दोन्ही बाजूंनी वाकलेला.

१९७५ साली मी आठवीत होते. घरचं उत्पन्न कमी असेल तर फी माफ व्हायची, ती ई.बी.सी.ची सवलत. उत्पन्नाचा दाखला जोडला की झालं, कुणाच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता. तरी अण्णांच्या अर्जाच्या तळाशी ‘आपला कृपाभिलाषी’ होतं. तो अर्ज घेऊन मी कार्यालयाच्या खिडकीशी उभी होते, माझ्यामागे वर्गातल्या तिघी. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज मोठ्याने वाचला. अगदी शेवटपर्यंत. ‘कृपाभिलाषी’ म्हणताना ते थांबले नाहीत, हसले नाहीत, त्यांनी काहीच वाईट केलं नाही. पण माझे कान तापले होते आणि मागे वळून बघायचं धैर्य होत नव्हतं. पुढे मी तशाच एका खिडकीच्या आतल्या बाजूला बसले, तेव्हा एक गोष्ट मात्र पाळली. अर्ज कधीही मोठ्याने वाचला नाही.

नोकरीत असताना एकदा सहावीच्या मुलांबरोबर सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेले होते. तिथे मोडी पत्रं पाहिली आणि एका अभ्यासकांनी ती कशी वाचायची ते समजावून सांगितलं. तेव्हापासून ‘स.न.वि.वि.’ लिहिलेला कागद मला वेगळा दिसायला लागला. जुन्या पत्रात आधी ‘राजमान्य राजश्री’ अमुक ‘गोसावी यांसी’, मग नमस्कार, मग ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहिणे’, आणि त्यानंतर एकच शब्द: ‘विशेष’. म्हणजे औपचारिक संपलं, आता मुद्दा ऐका. आपण ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ एका दमात म्हणतो, त्यातला शेवटचा ‘वि.’ हा असा दरवाजा आहे. अधिकाऱ्याला लिहिताना वर ठळक ‘विषय’ असतो, तोच त्या ‘विशेष’चं काम करतो; त्यामुळे विषय लिहून खाली पुन्हा स.न.वि.वि. घातलं की एकाच खोलीला दोन दारं होतात. शिवाय सप्रेम म्हणायला आधी प्रेमाची ओळख लागते. शेजारच्या काकांना, मंडळाच्या अध्यक्षांना, जुन्या सरांना स.न.वि.वि. शोभतं. ज्यांना कधी पाहिलं नाही त्या शिक्षणाधिकाऱ्यांना नाही.

त्या पत्रांच्या शेवटी बारीक शिक्का असतो. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर ‘मर्यादेयं विराजते’, पेशव्यांच्या पत्रांवर ‘लेखनसीमा’. पत्र इथे संपलं, याखाली कुणी काही घुसडलं तर ते आमचं नाही. किती कोरडा आणि किती पक्का शेवट! त्यात कुणी कुणाची कृपा मागत नाही. पण तिथेच त्या अभ्यासकांनी दुसरी गोष्ट सांगितली, ती मनात जास्त रुतली. आशीर्वाद, नमस्कार, दंडवत, रामराम, जोहार, यांतलं काय लिहायचं हे लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या जातीवरून ठरायचं. पहिल्या ओळीतच माणूस कुठे बसणार, पायरीवर की अंगणात, ते लिहून झालेलं. ‘महोदय’ हा शब्द मला त्या दिवसापर्यंत कार्यालयातल्या कपाटासारखा निर्जीव वाटायचा. पण त्याच्यात लिहिणाऱ्याची जात नाही, वय नाही, नातं नाही. झाडणाऱ्या मावशी आणि विश्वस्त मंडळाचे वकील, दोघांच्याही अर्जावर तोच. सपाट आहे, आणि सपाट आहे हीच त्याची थोरवी.

त्या रात्री मी माळ्यावरची अण्णांची पत्र्याची पेटी काढली. अर्जाची एक कच्ची प्रत ते नेहमी पाठकोऱ्या कागदावर ठेवायचे, छापखान्यातल्या रद्द फर्म्यांच्या मागे. माझ्या फीचा तो मसुदा सापडायला फार वेळ लागला नाही. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. मी मजकूर वाचलाच नाही, सवयीने आधी खाली पाहिलं. तिथे आधी ‘आपला विश्वासू’ लिहिलेलं होतं. त्यावर एक सरळ रेघ. आणि शेजारी, थोड्या दाबून लिहिलेल्या अक्षरांत, ‘कृपाभिलाषी’. म्हणजे त्यांना फरक ठाऊक होता. आधी त्यांच्या हाताने बरोबर शब्दच लिहिला होता. मग पोरीची फी आठवली असेल, खिडकी आठवली असेल, एखाद्या साहेबाला विश्वासू हा शब्द ताठ वाटला तर काय, असं मनात आलं असेल. इतकी वर्षं मला त्या शब्दाचा राग होता. त्या खोडलेल्या रेघेकडे बघताना कुणावर रागवायचं तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी मुक्ता आली आणि आम्ही अर्ज पुन्हा लिहायला बसलो. अण्णांचेच दोन प्रश्न घेतले. कुणाला द्यायचा? पदाचं नाव ‘प्राचार्य’. दारावरच्या पाटीवरही तेच आहे. पण तिथे बाई आहेत हे मुक्ताला माहीत आहे, म्हणून ‘मा. प्राचार्या’ आणि खाली ‘महोदया,’. काय मागायचं? तिने आधी विषयात ‘नाव बदलण्याबाबत’ लिहिलं होतं. ते मी तिला बदलायला सांगितलं, कारण नाव बदललेलं नाहीच, चुकीचं उतरलंय. ‘शाळा सोडल्याच्या दाखल्यातील आईच्या नावाच्या दुरुस्तीबाबत’ असा विषय झाला. खाली संदर्भात दाखल्याचा क्रमांक, दिनांक आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक. मजकूर चार वाक्यांचा: मी इथे अमुक ते अमुक वर्षं शिकले, प्रवेशअर्जात आणि जन्मदाखल्यात आईचं नाव सुमन आहे, दाखल्यात सुनंदा आलं आहे, तरी रजिस्टर पडताळून दुरुस्त दाखला द्यावा ही विनंती. ‘विनंती’ ठेवायची का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ठेव. विनंती सरळ उभं राहूनही करता येते.

आणि तळाशी ‘आपली विश्वासू’, सही, नाव, आणि त्याखाली एक ओळ जी मुक्ताने स्वतः सुचवली: ‘माजी विद्यार्थिनी’. मला ती फार आवडली. अर्ज कोण करतंय, तिचा शाळेशी काय संबंध, आणि आता तो संबंध कोणत्या काळातला, हे दोन शब्दांत आलं.

काम मात्र एका अर्जात झालं नाही. रजिस्टर काढल्यावर दिसलं की चूक दाखल्यात उतरवताना झालेली नव्हती, मूळ नोंदीतच सुनंदा होतं. नोंद बरोबर असती तर शाळेने दुसऱ्या दिवशी दाखला लिहून दिला असता. पण मुलगी शाळा सोडून गेल्यावर मूळ रजिस्टरला शाळा आपल्या हाताने हात लावू शकत नाही. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. मग दुसरा अर्ज. प्रति, मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, पुणे. त्याखाली वेगळ्या ओळीत ‘मार्फत : मा. प्राचार्या’ आणि शाळेचं नाव. या ‘मार्फत’ला फार महत्त्व आहे. ते नसलं की अर्ज थेट वर जातो आणि शाळेचा अहवाल मागवायला पुन्हा खाली येतो, त्यात आठवडे जातात. ‘शिक्षणाधिकारी’ हा शब्द बाईंना आणि पुरुषांना सारखाच, त्यामुळे मायन्यात काय लिहायचं ते कळेना. मुक्ताने शाळेच्या कार्यालयात विचारून घेतलं. विचारता येत नसेल तेव्हा ‘महोदय/महोदया’ लिहावं. अंदाजाने महोदय लिहू नये.

या दुसऱ्या अर्जाच्या शेवटी मात्र मुक्ताच अडली. प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आली होती आणि तिला मान्यता त्याआधी हवी होती. “आता लिहू का कृपाभिलाषी?” तिने विचारलं. प्रश्न बरोबर होता, कारण दुरुस्ती हा तिचा हक्क असला तरी घाई हा नव्हता. मी बराच वेळ विचार केला. मग आम्ही ते मजकुरात घातलं: ‘प्रवेशाची मुदत लक्षात घेऊन शक्य तितक्या लवकर मान्यता मिळाल्यास मी आपली आभारी राहीन.’ कृपा जेवढ्यापुरती हवी होती तेवढ्याच वाक्यात ती मागितली. सहीच्या वर ‘आपली विश्वासू’ तसंच राहिलं.

प्राचार्यांनी त्यावर आपलं पत्र जोडलं. ‘प्रस्ताव पुढील कार्यवाहीसाठी सविनय सादर’ असा त्याचा शेवट. कार्यालयात वर जाणारा कागद सादर होतो आणि खाली येणारा रवाना. ते शब्द पाहून मला माझं टेबल, शाईची गादी, खिडकीतून येणारा कडुनिंबाचा वारा, सगळं आठवलं.

संध्याकाळी मुक्ता पोच दाखवायला वर आली. हातात तिची प्रत. खिडकीतल्यांनी घाईत शिक्का मारला होता, तो मजकुरावर न बसता खाली सरकून सहीच्या वर बसला होता. जांभळ्या गोलाच्या आत आवक क्रमांक आणि तारीख, आणि गोलाच्या कडेतून बाहेर डोकावणारं ‘विश्वासू’मधलं शेवटचं ‘सू’. “वाचता येतंय ना, काकू?” तिने विचारलं. मी कागद खिडकीपाशी उजेडात नेला आणि म्हटलं, येतंय.